स्थळाचा कागद वाचताना

कुणी भाकरी थापताना ऐकत असेल, कुणी धारा काढून आत्ताच टेकली असेल. आज आम्ही तुम्हाला एका कागदाची गोष्ट सांगणार आहोत. लग्नाच्या बायोडेटाची. आपल्याकडं कुणी त्याला परिचयपत्र म्हणतं, कुणी नुसतं ‘स्थळाचा कागद’.

आमच्या गटाची बैठक महिन्याच्या दहा तारखेला असते. बचत गोळा झाली, हप्ते लिहून झाले, सह्या-अंगठे झाले, की बायका उठायला लागतात. त्या दिवशी एक काकू मात्र उठल्या नाहीत. पिशवीतनं चारपदरी घडी केलेला कागद काढून त्यांनी आमच्यापुढं ठेवला. म्हणाल्या, “ताई, एवढा वाचून बघा. झेरॉक्सवाल्याकडनं करून आणलाय. उद्या आमचा धाकटा ग्रुपवर टाकणार हाय.” कागद त्यांच्या थोरल्या मुलीचा होता. तिला आपण सुमन म्हणू, खरं नाव वेगळं आहे. आज हे सगळं सांगायला तिनं आणि काकूंनी दोघींनीही होकार दिला आहे.

सुमन अठ्ठावीस वर्षांची. बी.कॉम. झालेली. २०२१ च्या मे महिन्यात तिचं लग्न झालं आणि सात महिन्यांनी ती परत आली. दोघांच्या संमतीनं कोर्टातून घटस्फोट झाला, २०२३ साली. आता दुसऱ्यांदा कागद करायची वेळ आली होती, आणि काकूंनी तो पहिल्याच कागदावरून करून घेतला होता. नवीन कशाला लिहायचं, म्हणून.

आम्ही वर्षातनं पन्नासेक कर्जाचे अर्ज वाचतो. अर्ज वाचायची आमची एक सवय आहे. प्रत्येक ओळीवर बोट ठेवायचं आणि विचारायचं, हे समोरच्याला कळणं जरुरीचं आहे का, आणि कळलं तर काय होईल? त्या दिवशी सुमनच्या कागदावर आम्ही सात-आठ जणींनी तसंच बोट ठेवलं. पहिल्यांदा हसूच आलं. मामांच्या रकान्यात जे नाव होतं त्याला घरात कुणीच ओळखत नव्हतं. झेरॉक्सवाल्यानं दुसऱ्या कुणाचा कागद उघडून त्यावरच ही माहिती भरली होती, आणि त्या मुलीचे मामा सुमनच्या कागदावर राहून गेले होते. तेव्हा एक सांगतो, कागद हातात आला की आधी सगळी नावं मोठ्यानं वाचून घ्या. चूक डोळ्याला दिसत नाही, कानाला कळते.

पुढं होतं, ‘नोकरी : बँकेत’. सुमन बँकेत नाही. ती एका पतसंस्थेची पिग्मी गोळा करते. सकाळी बाजारपेठेतल्या दुकानांत फिरते, प्रत्येकाकडून रोजची ठेव घेते आणि संध्याकाळी भरणा करते. महिन्याला तीनेक लाख गोळा होतात, त्यावर शेकडा तीन टक्के कमिशन. म्हणजे नऊ हजार. त्यातनं गाडीचं पेट्रोल दीड हजार. हातात राहतात साडेसात हजार. काकूंचं म्हणणं, “पिग्मी म्हटलं की लोक नाक मुरडत्यात. बँकेच्याच कामासारखं हाय की.” आमच्यातल्या एकीनं विचारलं, “बघायला आलेले लोक ‘कुठली बँक, कुठली शाखा’ म्हणाले तर?” काकू गप्प बसल्या. बँक म्हटल्यावर पगार, फंड, बदली सगळं गृहीत धरलं जातं. मग खरं कळतं, आणि तेव्हा पिग्मीचं काम कमी वाटत नाही, मुलगी खोटं बोलली एवढंच लक्षात राहतं.

गंमत म्हणजे त्याच ओळीत पुढं पतसंस्थेचं पूर्ण नाव होतं, शाखा होती आणि ती कुठल्या पेठेत वसुली करते तेही होतं. हे कुणाला खटकलंच नव्हतं. अहो, रोज पर्समध्ये दहा-बारा हजार घेऊन फिरणारी पोरगी! तिची पेठ, तिचा फोटो आणि तिचा फोन नंबर एकाच कागदावर, आणि तो कागद जाणार कुठल्या कुठल्या ग्रुपवर! म्हणून आम्ही ते सगळं काढलं आणि लिहिलं, ‘पतसंस्थेत दैनंदिन ठेव प्रतिनिधी, कमिशनवर, २०२२ पासून’. रकमेवरून आमच्यात दोन तट पडले. काही जणी म्हणाल्या, आकडा लिहा. आमचं मत वेगळं पडलं. काम कोणतं, कायम की कंत्राटी की कमिशनवर, आणि कधीपासून, एवढं कागदावर हवंच. आकडा समोरासमोर बसल्यावर सांगावा, पासबुकासकट. मुलाकडच्यांनाही हाच नियम लावावा.

‘कधीपासून’ या शब्दावर आम्ही एवढा जोर का देतो, ते सुमनच्या पहिल्या लग्नात आहे. तेव्हा मुलाच्या कागदावर होतं, ‘खाजगी कंपनी, पुणे’. तीनच शब्द. ते खोटे नव्हते म्हणे, कारण तो कंपनीत होता. पण ठेकेदाराच्या हाताखाली होता आणि लग्नाच्या चार महिने आधी त्याचं काम सुटलं होतं. खोलीचं भाडं थकलेलं, मित्रांकडची उसनवारी वाढलेली. सुमनला हे लग्नानंतर तिसऱ्या आठवड्यात कळलं. मग घरात जे व्हायचं ते झालं, ते आम्ही इथं सांगत नाही. पण त्या कागदावर ‘कायम की ठेक्यावर, कधीपासून’ एवढं असतं, तर निदान कुणीतरी एक प्रश्न विचारला असता. आपल्याकडं कागदात नाही ते विचारायला लोक लाजतात. ‘विश्वास नाही का आमच्यावर’ असं म्हणतील म्हणून.

शेतीची ओळ होती, ‘बागायत शेती ६ एकर’. काकूंनी सातबारा आणलाच होता, कर्जासाठी लागतो म्हणून. आम्ही तो उघडला. क्षेत्र २ हेक्टर ४० आर. एक एकर म्हणजे साधारण साडेचाळीस आर, तेव्हा सहा एकराला थोडं कमी भरतं, तिथं चूक नव्हती. पण वर नावं तीन भावांची. वाटणी झाली तर सुमनच्या वडलांच्या वाट्याला दोन एकर. पाणी सामायिक विहिरीचं, तिघांची पाळी ठरलेली, आणि उन्हाळ्यात विहीर तळ गाठते. मग बागायत म्हणायचं कशाला? आम्ही लिहिलं, ‘शेती एकत्र ६ एकर, वडिलांचा हिस्सा २ एकर, विहिरीवर हंगामी बागायत’. कागदावर गट नंबरही होता, तो काढून टाकला. सातबारा महाभूलेखवर कुणालाही बघता येतो, आणि गट नंबर मिळाला की सगळ्या हिस्सेदारांची नावं समोर येतात. चुलत्यांना न विचारता त्यांच्या जमिनीचा पत्ता गावभर वाटायचा आपल्याला काय अधिकार? ज्यांना सोयरीक करायची आहे त्यांना पुढं सातबारा दाखवावाच. तो हातात द्यावा, ग्रुपवर टाकू नये.

उंची लिहिली होती पाच फूट तीन इंच. सुमन शेजारीच उभी होती, तिचं तिलाच हसू फुटलं. दाराच्या चौकटीला उभं करून मापली तर पाच फूट एक. दोन इंच चपलेचे. ‘वर्ण : गोरा’ ही ओळ आम्ही सरळ खोडली. फोटो आहे ना? फोटोत दिसतो तो रंग दिसतो. हां, फोटो मात्र मोबाईलनं उजळून काढलेला नको. चेहरा ओळखू येईल असा, दिवसाउजेडी काढलेला एक फोटो पुरे. रास, नाडी, गण, देवक, कुळी यांत आम्ही हात घातला नाही, ते ज्याच्या त्याच्या घरचं. पण पूर्ण जन्मतारीख आणि जन्मवेळ काढायला लावली. वाद झाला. पत्रिका कशी जुळवणार? आम्ही म्हटलं, नाडी, रास लिहिली आहे, जन्ममहिना आणि साल आहे, पहिल्या चाळणीला एवढं चालतं. ज्यांचं पुढं जमण्यासारखं वाटेल त्यांना फोनवर वेळ सांगा. पूर्ण जन्मतारीख, नाव, वडलांचं नाव, फोन, पत्ता असं सगळं एका कागदावर अनोळखी माणसाच्या हातात गेलं, तर त्याला सुमनच्या नावानं उद्या काय काय करता येईल याचा भरवसा नाही.

फोनचं तर ऐकाच. पहिल्या कागदावर सुमनचा स्वतःचा नंबर होता. लग्न होऊन ती सासरी नांदत होती तेव्हाही फोन यायचे. रात्री अकराला कुणीतरी विचारायचं, “स्थळ बघताय का अजून?” एकानं तर आणखी फोटो पाठवा म्हणून पिच्छा पुरवला. सासरी त्यावरून बोलणी खावी लागली ती वेगळीच. आता कागदावर भावाचा नंबर आहे, आणि शेजारी ‘संध्याकाळी ६ ते ८’ असं लिहिलं आहे. वडलांचा का नाही? ते शेतात असतात, त्यांना ऐकू कमी येतं, आणि मुलाकडचे दोनदा फोन करून कंटाळतात. जो फोन उचलतो आणि ज्याला घरातलं सगळं माहीत आहे, त्याचाच नंबर असावा. तो आईचा असला तरी काय बिघडलं?

आता ज्या ओळीसाठी काकूंनी कागद चारपदरी घडी करून आणला होता, ती ओळ. झेरॉक्सवाल्यानं लिहिलं होतं, ‘वैवाहिक स्थिती : नाममात्र घटस्फोटित’.

हा शब्द तुम्ही जाहिरातींत वाचला असेल. ‘नाममात्र’, ‘निर्दोष’, ‘अल्पकालीन’. आम्ही काकूंना विचारलं, नाममात्र म्हणजे काय? त्या पदराशी चाळा करत म्हणाल्या, “म्हंजे... तसं काय झालं नव्हतं, असं.” मैत्रिणींनो, बघा, एका शब्दानं पोरीच्या अंथरुणातली गोष्ट चौकात आणून ठेवली. आणि ती खरी आहे की नाही हे कुणी विचारलंही नव्हतं. सुमन नवऱ्याजवळ सात महिने नांदली होती. ती म्हणाली, “आई, ते खोटं हाय, आणि खरं असतं तरी मी लिहू दिलं नसतं.” ‘निर्दोष’ लिहिलं तरी तीच गत. मग दोष कुणाचा, असा प्रश्न आपण होऊन उभा राहतो, आणि ज्याचं उत्तर देणं नको तेच सांगत बसावं लागतं.

काकूंचं दुसरं म्हणणं होतं, लिहायचंच नाही. “सात महिन्यांचं ते काय लगीन? जमल्यावर सांगू. आधीच लिवलं तर दारात कोण येनार?” त्यांचं चुकलं असं आम्ही लगेच म्हणालो नाही. त्यांची भीती खरी आहे. पहिल्या कागदावर चौदा फोन आले होते, या कागदावर किती येतील कुणास ठाऊक. धाकटीचंही लग्न व्हायचं आहे. पण मग आम्ही दोन गोष्टी पुढं ठेवल्या.

एक कायद्याची. हिंदू विवाह कायदा १९५५ चा आहे, तो बौद्ध, जैन, शीख यांनाही लागू होतो. त्याच्या कलम १२ प्रमाणं, समोरच्याविषयीची महत्त्वाची गोष्ट लपवून, फसवून संमती घेतली असेल, तर लग्न रद्द ठरवून मागता येतं. फसवणूक कळल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. म्हणजे लपवून जमवलेलं लग्न वर्षभर, दोन वर्षं, कितीही दिवसांनी कळो, कळल्यावर त्यावर टांगती तलवार असते. तलवार कोणावर पडते? सुमनवर. लपवलं आईनं, आणि उत्तर द्यायचं लेकीनं.

दुसरी गोष्ट साधी. २०२० साली केलेला पहिला कागद, ‘अविवाहित’ लिहिलेला, अजून ग्रुपांवर फिरतोय. काकूंच्या धाकट्यानं त्याच वेळी मोबाईलवर शोधून दाखवला. पाच वर्षांपूर्वीचा फोटो, जुनी नोकरी, जुना नंबर. एकाच घरात दोन्ही कागद पोहोचले, तर खोटं कोणतं हे ते आपल्या मनानं ठरवतील. म्हणून आता सुमनच्या कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलंय, ‘माहिती ऑगस्ट २०२५ ची, आधीचा कागद रद्द’. ही सवय सगळ्यांनीच लावून घ्यावी असं आम्हाला वाटतं. लग्न जमल्यावरही कागद फिरत राहतो, तारखेनं निदान तो जुना आहे एवढं कळतं. जिथं जिथं टाकला होता त्या ग्रुपवाल्यांना भावानं फोन करून जुना काढायला लावला. दोघांनी काढला, एकानं अजून नाही.

मग ओळ काय लिहिली? ‘घटस्फोटित, न्यायालयाचा हुकूमनामा २०२३, अपत्य नाही’. बस्स. कोर्ट कुठलं, केस नंबर काय, पहिल्या नवऱ्याचं गाव कुठलं, कारण काय, यातलं काही नाही. ‘अपत्य नाही’ मात्र हवंच, कारण तो पहिला प्रश्न असतो आणि तो विचारायला लोक अडखळतात. हुकूमनाम्याची सही-शिक्क्याची नक्कल सुमननं काढून ठेवली आहे. घर बघायला येतील त्यांना ती दाखवायची, झेरॉक्स द्यायची नाही.

इथं आमच्या गटातल्या एक आक्का मध्येच म्हणाल्या, “आमच्या भाचीची फारकत शंभराच्या स्टॅम्पावर झालीया. तिनं काय लिवावं?” आम्हाला थांबावं लागलं. स्टॅम्पावर नोटरीपुढं लिहून दिलेली फारकत म्हणजे कोर्टाचा घटस्फोट नव्हे. एखाद्या समाजात काडीमोडाची जुनी रूढी आहे हे कोर्टात सिद्ध झालं तर ती धरली जाते, पण ते सिद्ध करावं लागतं. तोवर ‘घटस्फोटित’ लिहून दुसरं लग्न केलं तर ते लग्नच अवैध ठरू शकतं. तिनं आधी तालुक्याच्या विधी सेवा समितीत जावं, बायकांना तिथं मोफत वकील मिळतो. कागद नंतर.

कारण कागदावर नाही म्हणजे ते कधीच सांगायचं नाही असं नव्हे. काही गोष्टी कागदावरच्या, काही घरी बसल्यावर बोलायच्या, आणि काही सुपारी फुटायच्या आत सांगायलाच पाहिजेत अशा. सुमनला थायरॉईडची गोळी रोज लागते. कागदावर लिहिली नाही, तिचा आजार हजार माणसांनी का वाचावा? पण पसंती झाली की सुपारीच्या आधी ती स्वतः मुलाला सांगणार, डॉक्टरांचा कागद दाखवून. मध्यस्थानं सांगायचं नाही. मध्यस्थाच्या तोंडून गोष्ट जाताना कधी वाढते, कधी गाळली जाते. पहिलं लग्न का मोडलं तेही असंच, विचारलं तर दोन वाक्यांत, तिच्याच तोंडून.

शेवटची ओळ ‘अपेक्षा’. सगळ्यांच्या कागदावर असते तीच होती, ‘सुशिक्षित, निर्व्यसनी, अनुरूप’. हे वाचून कुणाला काही कळतं का? आम्ही सुमनला विचारलं, तुला काय हवंय? तिनं खाली बघून सांगितलं, “काम सुटू नये. आणि त्याचं काम मी डोळ्यांनी बघितल्याशिवाय पुढं बोलायचं नाही.” तेच लिहिलं, जरा मऊ करून, ‘मुलगी लग्नानंतर काम चालू ठेवेल, मुलाच्या कामाची प्रत्यक्ष माहिती घेऊन पुढील बोलणी’. आमच्यातल्या एकीनं सुचवलं, ‘मुलाला पहिलं अपत्य असल्यास चालेल’ असंही घाला, फोन जास्त येतील. सुमन म्हणाली, “चालेल का नाही ते मलाच अजून ठाऊक नाही. बघितल्यावर ठरवीन.” मग ते घातलं नाही.

झेरॉक्सवाल्याकडं आम्ही दोघी तिच्याबरोबर गेलो. नवीन कागद झाल्यावर त्याच्या कॉम्प्युटरमधली प्रत आमच्यासमोर पुसायला लावली. तो म्हणाला, “असू द्या की, पुढच्याला उपयोगी पडतो.” तोच तर प्रश्न होता. वीस रुपये जास्त दिले आणि पुसून घेतला.

कागद टाकून तीन आठवडे झाले. पाच फोन आले. दोघांनी ‘घटस्फोटित’ वाचून उगाच चौकशी केली आणि ठेवला. एका बाईंनी भावाला विचारलं, “हंगामी बागायत म्हणजे नेमकं किती महिने पाणी?” काकू म्हणाल्या, असं विचारणारी बाई शेतात राबलेली दिसते, तिच्याशी पुन्हा बोलू. त्यांच्या मुलाचा कागद परवा आला आहे. त्याचंही आधी एक लग्न झालेलं आहे, तसं सरळ लिहिलंय. पण नोकरीच्या रकान्यात दोनच शब्द आहेत, ‘स्वतःचा व्यवसाय’. सुमननं त्याखाली पेन्सिलीनं रेघ मारली आहे, आणि या रविवारी भाऊ आणि आम्ही दोघी तो व्यवसाय बघायला जाणार आहोत.